शांत खोलीची जागा

अकलूजच्या मुख्य रस्त्याला लागून असलेल्या एका इमारतीचा पहिला मजला. लांबी ८० फूट, रुंदी ४८. पश्चिमेची बाजू रस्त्याकडे, पूर्वेची मागच्या मोकळ्या रानाकडे. शेतकऱ्यांना खते, औषधे आणि ठिबकचे साहित्य पुरवणाऱ्या आणि पिकाचा सल्ला फोनवर देणाऱ्या एका कंपनीने तो घेतला होता. आतापर्यंत ही मंडळी बाजारपेठेतल्या तीन गाळ्यांत विभागून बसत. माणसे ३८ झाली होती, आणि मालकांचा अंदाज होता की तीन वर्षांत ६० होतील. मी या भागात कार्यालये, पतसंस्था, दवाखाने यांची आतली मांडणी करते. ते काम माझ्याकडे आले.

मालकांनी कागदावर स्वतःच एक आराखडा काढून आणला होता. मागच्या खिडक्यांशी चार केबिन, पुढे रस्त्याकडे एक मोठी मीटिंग रूम आणि मधे सगळा मोकळा हॉल. "पुण्याला हिंजवडीत बघितलंय मॅडम, तिथं सगळे एकाच हॉलमधी बसतात. भिंती नकोत. माणसं एकमेकांशी बोलली पाहिजेत." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तीन गाळ्यांमुळे त्यांचे रोज नुकसान होत होते. साठा संपल्याचे गोदामाला ठाऊक असायचे आणि फोनवरचा मुलगा तेच औषध शेतकऱ्याला सांगत असायचा. ही माणसे एकमेकांना दिसायला हवी होती, यात शंका नाही.

पण कोणी कोणाशी बोलायला हवे हा अर्धाच प्रश्न झाला. कोणाचे बोलणे कोणाच्या कानावर पडता कामा नये, हा उरलेला अर्धा. मोकळ्या कार्यालयाचे आराखडे बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यावर थांबतात.

मोकळ्या हॉलची कल्पना ज्यांनी पद्धतशीर मांडली ते पहिल्या अर्ध्यावर थांबले नव्हते. जर्मनीत हॅम्बर्गजवळ एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या दोन भावांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशी कार्यालये आखायला सुरुवात केली. त्यांनी आधी कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कोण कोणाला दिवसातून किती वेळा विचारायला उठतो, याच्या नोंदी केल्या आणि त्या नोंदींवरून टेबले मांडली. हुद्द्यावरून जागा ठरवायची नाही, कामाच्या देवघेवीवरून ठरवायची, हा त्यांचा आग्रह. गालिचे, आवाज शोषणारी छते, पडदे, झाडे हे सगळे त्या आराखड्याचे भाग होते. पुढे जगभर हॉल तेवढा गेला, नोंदी आणि छत मागे राहिले. भिंती काढल्या की पैसे वाचतात हे हिशेबात चटकन दिसते, म्हणून हॉल टिकला असे मला वाटते.

म्हणून मी मालकांना म्हटले, आराखडा बाजूला ठेवू. आधी तुमच्या तिन्ही गाळ्यांत काय चालते ते मला बघू द्या. प्रत्येक टेबलावर एक कागद ठेवला. कोणाशी बोललो, समोरासमोर की फोनवर, किती जण होतो, एवढेच लिहायचे. काही दिवसांनी ते कागद मांडून बसलो तेव्हा दोन गोष्टी ठळक दिसल्या. मीटिंग म्हणून जे काही होत होते त्यातले बहुतेक दोघा-तिघांचे होते आणि दहा-पंधरा मिनिटांत संपत होते. बारा माणसांची खोली लागत होती ती आठवड्यातून एकदा-दोनदा, क्षेत्रावरची मुले आढावा द्यायला येत तेव्हा. दुसरी गोष्ट अशी, की हुद्दे काहीही असोत, कार्यालयात दोनच जातीची कामे होती. एक बोलण्याची आणि एक मोजण्या-वाचण्याची. फोनवर सल्ला देणारे, मागणी घेणारे, वाहतूक पाहणारे दिवसभर बोलत. हिशेब, जीएसटीची विवरणे, माती परीक्षणाचे अहवाल वाचून खताचे वेळापत्रक लिहिणारे कृषी पदवीधर, संगणकावरचा साठा सांभाळणारी दोन मुले, यांना सलग तासभर कोणी हाक मारली नाही तर काम होई.

बोलणारे आमच्याकडे कसे बोलतात हेही लक्षात घेतले पाहिजे. शेतकरी बांधावरून फोन करतो. रेंज जात-येत असते, शेजारी मोटार चालू असते. "हॅलो, ऐकू येतंय का? पानावर डाग कसले हायेत? वरच्या पानावर का खालच्या?" हे वाक्य साध्या आवाजात बोलून भागत नाही. एकाने आवाज चढवला की शेजारच्यालाही चढवावा लागतो, कारण गोंगाटात माणूस नकळत आवाज वाढवतो. असे सहा जण एका ओळीत बसले की सहाव्याचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा असतो.

इथे एक बारकावा आहे, आणि त्याच्यावरच पुढची सारी मांडणी उभी राहिली. माणसाच्या कामात अडथळा आणतो तो मोठ्या आवाजापेक्षा कळणारा शब्द. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ, छापखान्याची धडधड यांची कानाला सवय होते. पण दहा फुटांवर कोणी "डाळिंबाला तेल्या पडलाय" म्हटले की आकडे जुळवणारा माणूस ते वाक्य ऐकतोच. ते न ऐकणे त्याच्या हातात नसते. मोकळ्या कार्यालयाचा आवाज मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली आले, त्यात म्हणूनच नुसते डेसिबल मोजत नाहीत. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर शब्द अस्पष्ट होतात तेही मोजतात. हे अंतर ५ मीटरच्या आत असेल तर हॉल चांगला, १० मीटरच्या पुढे गेले तर वाईट. आपल्याकडच्या नेहमीच्या हॉलमध्ये, म्हणजे खाली चकचकीत फरशी, वर सपाट जिप्सम, बाजूला काचा, शब्द सहज दहा मीटर जातो. उघड्या माळावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. अशा हॉलमध्ये तो त्याच्या निम्म्याने उतरला तरी पुष्कळ.

हे पटवायला मला फार बोलावे लागले नाही. त्यांच्याच जुन्या गाळ्यात आम्ही उभे होतो आणि लाईट गेली. एसी बंद पडला, इन्व्हर्टरवर दोन पंखे हळूहळू फिरू लागले आणि दुसऱ्या टोकाच्या मुलाचा फोनवरचा शब्द न् शब्द ऐकू आला. आवाज वाढला नव्हता. त्याच्यावर जे पांघरूण होते ते निघाले होते. कार्यालयाची परीक्षा घ्यायची असेल तर लाईट गेल्यावर घ्यावी, कारण एसी चालू असताना चांगले वाटणारे कार्यालय तेव्हा खरे कळते.

मग मजल्याची विभागणी सोपी झाली. रस्त्याची, पश्चिमेची बाजू दोन कारणांनी वाईट होती. दुपारनंतरचे ऊन, आणि गाळप हंगामात रात्रंदिवस जाणाऱ्या उसाच्या गाड्या. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर मोठमोठे स्पीकर आणि त्यावर गाणी, हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. मालकांनी तिथे मीटिंग रूम ठेवली होती. मी तिथे बोलणारे बसवले, कारण ज्याच्या कानाला हेडफोन आहे त्याला रस्त्याचा त्रास सर्वांत कमी आणि त्याचा त्रास इतरांना सर्वांत जास्त. खिडकीला बाहेरून आडव्या पट्ट्यांची जाळी आणि आतून दुसरी काच. जिनाही त्याच बाजूला होता, म्हणून येणारा शेतकरी, डीलर, कुरिअरवाला पुढेच थांबेल अशी बाके आणि काउंटर तिथेच. पूर्वेची, रानाकडची सावलीची बाजू मोजणाऱ्यांना.

आणि मधे, हॉलच्या पोटात, बंद खोल्यांचा एकच पट्टा. साडेपंधरा फूट खोल, ४३ फूट लांब. उत्तरेला ५ फुटांची मुख्य वाट सोडून तो आडवा पसरलेला. बारा जणांची आढाव्याची खोली, १० बाय १० च्या दोन खोल्या, फोनसाठी दोन लहान खोल्या आणि सहा टेबलांची एक शांत खोली. बोलण्याच्या खोल्यांची दारे पश्चिमेला उघडतात, शांत खोलीचे दार पूर्वेला. म्हणजे हा पट्टा नुसत्या खोल्या पुरवत नाही, तो स्वतःच दोन अर्ध्यांमधली भिंत होतो. त्यासाठी वेगळी भिंत बांधावी लागली नाही.

मालकांची हरकत इथेच आली. "मॅडम, एवढी जागा खोल्यांत घातली तर माणसं बसवायची कुठं?" मी कागदावर बेरीज मांडली. एकूण ३,८४० चौरस फूट. चार फुटी टेबल, त्याची खुर्ची आणि मागून जायच्या वाटेतला त्याचा वाटा धरला तर एका माणसाला साधारण ४२ चौरस फूट लागतात. ६० माणसे झाली तरी त्यातले २२ क्षेत्रावरचे. ते आठवड्यातून दोन दिवस टेकतात, त्यांना दहा टेबले पुरतात. ३८ आणि १०, म्हणजे ४८ टेबले, २,०१६ फूट. खोल्यांचा पट्टा सुमारे ६६७. वाटा, बाके, चहा, बॅटरी, कपाटे मिळून उरलेले. बसते. उलट चार केबिन काढल्या असत्या तर त्यातल्या दोन दिवसभर रिकाम्या राहिल्या असत्या, कारण व्यवस्थापक बहुतेक वेळ गाडीत असतात.

मालकांची स्वतःची केबिन मात्र मी ठेवली. अकलूजमध्ये माणूस भेटायला येतो तो माणसाला भेटायला येतो. उधारीचा, घरातल्या अडचणीचा विषय हॉलमध्ये काढायला त्याला लाज वाटते. दहा बाय दहाच्या दोन खोल्यांतली एक त्यांची. अट एवढीच, की ते बाहेरगावी असले की ती चार जणांची मीटिंग रूम. त्यासाठी त्यांचे कागद कुलपाच्या कपाटात आणि टेबल गोल. लांब टेबलाच्या पलीकडे मालकाची खुर्ची असली की तिच्यावर दुसरे कोणी बसत नाही आणि खोली बंदच राहते.

शिवकाळातही उघडी सदर होती आणि तिच्या जोडीला खलबतखाना होता. रायगडावर राजवाड्याच्या परिसरात जमिनीखालची एक जागा आजही खलबतखाना म्हणून दाखवतात. मोकळ्या जागेत चाललेला कारभार आणि बंद जागेतला विचार यांना वेगवेगळी जागा लागते, एवढे तरी आपल्याकडे फार जुने आहे.

आता त्या बंद खोल्यांविषयी, कारण सगळे बिघडते ते तिथे. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेने मला एकदा बोलावले होते. त्यांच्याकडे कर्जवसुलीच्या बोलण्यासाठी खास खोली होती, जाड प्लायचे पार्टिशन, वर काच, भक्कम दार. तरी आत कर्जदाराला जे बोलले जाई ते बाहेर रांगेत उभ्या माणसांना ऐकू येई. सगळ्यांना वाटत होते पार्टिशन पातळ आहे. मी शिडी मागवली, खोलीच्या आतली छताची एक फरशी उचलली आणि टॉर्च मारला. प्रकाश थेट बाहेरच्या हॉलच्या छतावर जाऊन पडला. पार्टिशन फॉल्स सीलिंगला टेकून थांबले होते आणि वर स्लॅबपर्यंत दीड फूट सगळीकडे मोकळे. आवाज छतातून वर जाऊन पलीकडे उतरत होता. सुतारांची पद्धतच अशी आहे. आधी सगळ्या मजल्याचे छत एकसंध करून घ्यायचे, मग त्याखाली पार्टिशन उभी करायची. त्यात वेळ वाचतो आणि उद्या पार्टिशन हलवायचे तर छत फोडावे लागत नाही. पण ज्या खोलीत खाजगी बोलायचे आहे तिची भिंत फरशीपासून स्लॅबपर्यंतच गेली पाहिजे, आणि वायर, पाइप जिथून पार होतात तिथली भोके भरली पाहिजेत. हे काम छताच्या आधी करावे लागते, म्हणून ते आराखड्यावर मोठ्या अक्षरात लिहावे लागते.

दुसरी गळती दाराखाली. तीन फुटी दाराखाली एक सेंटीमीटरची फट राहिली तर ते सुमारे ९० चौरस सेंटीमीटरचे भोक झाले, तळहाताएवढे. एवढे भोक असेल तर भिंत कितीही जाड करा, पैसे वाया. दाराच्या तळाला बंद करताना खाली उतरणारी रबरी पट्टी मिळते. ती बसवावी, आणि चौकटीत तिन्ही बाजूंनी रबर. बिनचौकटीचे जाड काचेचे दार आजकाल सगळ्यांना हवे असते. काच आवाज चांगला अडवते, पण तिच्या चारी कडांना फट असते, त्यामुळे त्या दाराची खोली दिसायला बंद आणि ऐकायला उघडी असते. या कार्यालयात मी लाकडी चौकट धरली आणि तिच्यात काच बसवली.

काच का हवी याचेही कारण आहे. गावात मुली नोकरीला येतात त्या घरच्यांच्या भरवशावर. बंद खोलीत वरिष्ठाशी एकटीने बोलायचे तर आत कोण आहे हे बाहेरून दिसले पाहिजे आणि काय बोलतात ते ऐकू येता कामा नये. म्हणून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला धूसर पट्टा आणि त्याच्या वर-खाली स्वच्छ काच. माणूस दिसतो, समोरचा कागद दिसत नाही.

चाचणी सोपी आहे, यंत्र लागत नाही. एकाला आत बसवून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगायचे आणि आपण दार लावून बाहेर उभे राहायचे. कोणीतरी बोलतेय एवढेच कळले तर खोली पास. बातमी कळली तर नापास. हे रंग देण्याआधी करावे, तेव्हा दुरुस्ती स्वस्त पडते.

आवाज बंद केला की हवाही बंद होते, आणि याची दखल फार कमी जण घेतात. फोनची खोली ५ बाय ६ फूट, उंची ८ फूट. एवढ्या जागेत जेमतेम ६,८०० लीटर हवा मावते. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ ते २० लीटर कर्बवायू सोडतो. हिशेब केला तर पूर्ण बंद खोलीत वीस मिनिटांतच त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या तिप्पट-चौपट होते. डोके जड होते, जांभया येतात, माणूस दार उघडून ठेवतो, आणि दार उघडे असलेल्या शांत खोलीला काही अर्थ उरत नाही. स्प्लिट एसी लावून हे सुटत नाही. तो तीच हवा थंड करून परत देतो. मधल्या पट्ट्याला बाहेरची खिडकी नव्हतीच. म्हणून प्रत्येक खोलीतून हवा ओढणारा लहान पंखा छताच्या वर बसवला आणि आत येणाऱ्या हवेसाठी आतून कापसासारखे अस्तर लावलेली दोनदा वळवलेली नळी ठेवली. सरळ नळी ठेवली असती तर हवेबरोबर बोलणेही बाहेर आले असते. हे पंखे इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. भारनियमनात पहिल्यांदा गुदमरते ती हीच खोली.

हॉलच्या बाबतीत सगळा जोर छतावर. गालिचा आमच्याकडे टिकत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून येते आणि उन्हाळ्यात धूळ. फरशी फरशीच राहणार, मग आवाज शोषायची जबाबदारी वरच्यावर येते. सपाट जिप्समऐवजी खनिज तंतूंच्या फरश्या वापरल्या. दिसायला त्या साध्या आहेत, मालकांना जिप्समवरची नक्षी हवी होती. ती आम्ही पुढच्या स्वागताच्या भागात दिली. टेबलांमधले पडदे जमिनीपासून साडेचार फूट उंच असले तरच बसलेल्याच्या कानाच्या वर येतात. मी ते फक्त फोनवाल्यांच्या ओळीत ठेवले. पूर्वेकडे ठेवले असते तर रानाकडचा उजेड अडला असता. आणि वरचे छत आवाज शोषत नसेल तर पडद्याचा उपयोग नाही. आवाज त्याच्यावरून उडी मारून छताला आपटतो आणि पलीकडे येतो.

वाटांविषयी मालकांना सुरुवातीला वाटत होते की उरलेली जागा म्हणजे वाट. मला उलटे वाटते. माणूस दिवसातून कितीदा तरी उठतो ते तीन गोष्टींसाठी: चहा, स्वच्छतागृह आणि प्रिंटर. या तीन जागा कुठे आहेत त्यावर कोण कोणाच्या पाठीमागून जाणार हे ठरते. स्वच्छतागृहे इमारतीने उत्तरेला मधोमध दिली होती, ती हलवता येत नव्हती. चहाचा ओटा आणि प्रिंटर मी तिथेच, पट्ट्याच्या टोकाला नेले. पश्चिमेचा माणूस पश्चिमेकडून येतो, पूर्वेचा पूर्वेकडून. दोघे ओट्यापाशी भेटतात. कोणालाही हिशेबवाल्यांच्या ओळीतून जावे लागत नाही. साठ्याची चौकशी, "उद्या गाडी जातीय का पंढरपूरला?" असली बोलणी तिथे आपोआप होतात. हवी ती भेट अशी वाटेवर घडते, टेबल जवळ आणून घडत नाही.

याला आधारही आहे. अमेरिकेत एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी भिंती काढून मोकळ्या हॉलमध्ये गेलेल्या दोन कंपन्यांतल्या माणसांच्या गळ्यात मोजणी करणारी यंत्रे घालून अभ्यास केला. तो २०१८ साली छापून आला. समोरासमोरचे बोलणे वाढण्याऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाले आणि ई-मेल वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस कानात बोंडे घालतो आणि शेजारच्यालाही व्हॉट्सॲप करतो. हे मी आमच्याकडच्या कार्यालयांतही पाहिले आहे.

मुख्य वाट ५ फूट, कारण चहाचा ट्रे घेतलेल्या मावशी आणि समोरून येणारा माणूस एकमेकांना न थांबवता गेले पाहिजेत, आणि चाकाच्या खुर्चीला तेवढ्यात वळता येते. आतल्या वाटा साडेतीन-चार फूट. दोन ओळी पाठीला पाठ लावून बसल्या तर टेबलाच्या कडेपासून कडेपर्यंत किमान ६ फूट हवेत. तिथे फूटभर वाचवला की खुर्ची मागे सरकताना मागच्याला लागते आणि भांडण सुरू होते. ५ फुटी वाट मजल्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ नेली, पुढच्या जिन्यापासून मागच्या जिन्यापर्यंत. ८० फूट म्हणजे साडेचोवीस मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता कार्यालयात बाहेर पडायच्या जिन्यापर्यंत ३० मीटरची मर्यादा घालते, त्यात ते बसते. पण संहिता कार्यालयात माणशी १० चौरस मीटर धरून जिन्याचा हिशेब करते. या मजल्याला तो आकडा ३६ येतो. आपण ६० बसवणार, म्हणून जिने आणि दारे ६० माणसांनाच धरून तपासावी लागली. मागचा जिना आम्ही पाहिला तेव्हा तिथे औषधांचे खोके रचलेले होते. गोदामाची जागा कमी पडली की पहिले खोके तिथेच जातात. त्या दाराला आतून दाबले की उघडणारी कडी बसवली आणि समोरची जागा पिवळ्या पट्ट्यांनी रंगवली.

एक गोष्ट आराखड्याने सुटली नाही. सोमवारी क्षेत्रावरची सगळी मुले आढाव्याला येत. २२ झाली की बारा जणांच्या खोलीत मावणार नाहीत, टेबलेही दहाच. दोन खोल्यांमधले पार्टिशन सरकते करा अशी सूचना आली. सरकत्या पार्टिशनच्या वरच्या रुळात आणि बाजूच्या सांध्यात आवाज थांबत नाही. आठवड्यातल्या एका दिवसासाठी उरलेले पाच दिवस दोन्ही खोल्या निकामी झाल्या असत्या. शेवटी माढा-करमाळ्याची मुले सोमवारी आणि माळशिरस-सांगोल्याची गुरुवारी, असे अकरा-अकरा वाटून घ्यावे लागले. मालकांना ते आवडले नाही, सगळ्यांना एकत्र बघण्यात त्यांना समाधान असते. तिमाहीतून एकदा ते मंगल कार्यालयाचा छोटा हॉल घेतात.

शांत खोलीचे नियम दोनच ठेवले. आत फोन घ्यायचा नाही, आणि उठून गेलात की टेबलावर काही ठेवायचे नाही. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. एकदा का पाण्याची बाटली आणि वही रात्रभर राहिली की ते टेबल त्याचे झाले, मग त्याचे नाव लागते, मग ती खोली त्या विभागाची होते. वरिष्ठाने हे केले तर कोणी बोलत नाही, म्हणून सुरुवातीला मालकांनाच दर आठवड्याला तिथे एक फेरी मारायला सांगितले आहे.

माणसे वाढत आहेत. अंदाजापेक्षा लवकर वाढत आहेत, आणि खरा प्रश्न एकसष्टाव्या माणसाचा येणार आहे. तेव्हा टेबले चार फुटांवरून साडेतीन होतील, आतल्या वाटा बारीक होतील आणि मग कोणीतरी म्हणेल की शांत खोलीत सहाच जण बसतात, तिथे दहा मावतील. नव्या विक्री व्यवस्थापकासाठी तीच खोली मागितली गेली आहे. मी सांगितले की समोरच्या बाजूचा पाचशे फुटांचा गाळा रिकामा आहे. प्रशिक्षण आणि आढावा तिकडे न्या, बारा जणांच्या खोलीत विक्रीचे लोक बसवा, पण शांत खोलीला हात लावू नका. गाळ्याचे भाडे दर महिन्याला वहीत दिसणार आहे, आणि खतांच्या वेळापत्रकात होणाऱ्या चुका तशा दिसत नाहीत. म्हणून मी त्यांना गेल्या दोन हंगामांत किती वेळापत्रके दुरुस्त करून पुन्हा पाठवावी लागली ते काढायला सांगितले आहे, जुन्या गाळ्यातली वेगळी आणि इथली वेगळी. ती यादी हिशेबनीस तयार करत आहेत.